बॉबल सगळे सुलट बाजूला यावेत म्हणून

भाचीसाठी 40 सेंटिमीटरचं कुशन कव्हर क्रोशाने विणायला घेतलं होतं. मध्यम जाडीची ॲक्रिलिक लोकर, 4 मिमीची सुई, 67 टाके. एक ओळ बॉबलची, म्हणजे गोळ्यासारख्या फुगीर टाक्यांची, मग दोन ओळी नुसते मुके खांब, म्हणजे बुटके साधे टाके, परत बॉबल, असं वीतभर विणून झालं आणि कापड लांब धरून पाहिलं, तर बॉबलची एक ओळ छान फुगलेली आणि दुसरी चक्क गायब! कापड पलटलं तेव्हा ती मागच्या बाजूला सापडली.

आत्याला दाखवलं. ती गेली कित्येक वर्षं क्रोशा करते. तिने सुई हातात न घेताच सांगितलं, "अगं, मधे दोनच साध्या ओळी घेतल्यास ना? मग एक बॉबलची ओळ सुलट बाजूने येते, पुढची उलट बाजूने. बॉबल नेहमी पलीकडे जातो."

हे पलीकडे जाणं मी मग सावकाश एक बॉबल घालून बघितलं. एकाच टाक्यात पाच अर्धवट खांब घालायचे, म्हणजे प्रत्येक खांबाचा शेवटचा वेढा न काढता तो सुईवरच ठेवायचा. सुईवर सहा फास होतात, त्या सगळ्यांतून एकदम दोरा ओढायचा. ओढताना पाचही खांबांची डोकी एका जागी आवळली जातात आणि त्यांची पोटं आपल्यापासून लांब, कापडाच्या मागे फुगतात. शेजारी मुके खांब असले की हे आणखी ठळक होतं, कारण उंच खांबाला तेवढ्या बुटक्या ओळीत उभं राहायला जागाच नसते, तो वाकून बाहेर येतो. बॉबलच्या दोन्ही बाजूंना उंच खांबच घातले, तर तो जवळजवळ सपाट दिसतो.

म्हणून सगळं उसवलं. पहिली ओळ सुलट बाजूने साधी, दुसरी उलट बाजूने बॉबलची, मग तीन साध्या ओळी, सहावी परत बॉबलची. अशी प्रत्येक बॉबल ओळ उलट बाजू समोर असतानाच येते. दुसऱ्या ओळीत 3 मुके खांब, एक बॉबल, असं करत 16 बॉबल आणि शेवटी 3 मुके खांब. सहाव्या ओळीत सुरुवातीला आणि शेवटी एकेकच मुका खांब, मधे 3-3 चं अंतर, म्हणजे 17 बॉबल. त्यामुळे वरचे बॉबल खालच्यांच्या मधोमध बसतात.

आता सगळे एका बाजूला आले, पण सारखे नव्हते. काही टपोरे, काही चिमटलेले. नीट पाहिल्यावर कळलं की टाक्यातून पहिला फास वर ओढताना मी कधी जास्त ओढत होते, कधी कमी. तेव्हापासून प्रत्येक फास सुईच्या सरळ, जाड भागापर्यंत आणते. आकड्याजवळच्या बारीक भागावर ठेवला की तो आवळतो आणि खांब बुटका होतो. सहा फासांतून दोरा काढल्यावर लगेच पुढचा मुका खांब घट्ट घालते, नाहीतर बॉबलच्या डोक्यावर भोक दिसतं. बंद करायला वर जास्तीची साखळी मी घेत नाही. ती घेतली तर पुढच्या ओळीत बॉबलचं डोकं आणि साखळी दोन्हींत टाका पडायची भीती असते, आणि 67 चे 70 कधी होतात कळत नाही.

कडेला मात्र गोल फिरत विणायचं होतं. तिथे सुलट बाजू सतत समोर असते, म्हणजे बॉबल आतच गेले असते. तिथे पॉपकॉर्न घातले. एका टाक्यात पाच पूर्ण खांब घालायचे, फास जरा सैल करून सुई काढायची, ती पहिल्या खांबाच्या डोक्यात पुढून मागे घालायची, सोडलेला फास पकडून बाहेर ओढायचा आणि एक साखळी घेऊन आवळायचं. सुई पुढून घातली की पॉपकॉर्न आपल्याकडे उमलतो. मागून घातली तर पलीकडे. सुरुवातीचे दोन-तीन पॉपकॉर्न माझे एका अंगाला कलले होते, कारण घाईत सुई पहिल्या खांबाऐवजी दुसऱ्यात जात होती. मग प्रत्येक वेळी पहिल्या खांबाचं डोकं अंगठ्याने दाबून धरायला लागले, तेव्हा ते सरळ उभे राहिले.

इस्त्री अजिबात केली नाही. नमुन्याच्या तुकड्यावर एकदा वाफ दिली होती, तर ॲक्रिलिकचे बॉबल बसले ते बसलेच, परत फुगले नाहीत. कव्हर गार पाण्यात बुडवून, टॉवेलमध्ये दाबून, गादीवर सुलट बाजू वर ठेवून चारी कडांना टाचण्या लावल्या आणि ओलं असतानाच प्रत्येक बॉबल मागून बोटाने हलकेच ढकलून गोल केला.