हातात किती?

"ताई, बारा हजार म्हणजे हातात किती?"

चाकणच्या एका कारखान्यात आज वेतनकराराचा मी केलेला मराठी मसुदा वाचून दाखवत होते. पहिल्याच कलमाला मागच्या रांगेतून हा प्रश्न आला. मी लिहिलं होतं, 'तीन वर्षांत 12,000 रुपये पगारवाढ'. मूळ इंग्रजीत वाढ 'सीटीसी'वर, म्हणजे कंपनीला कामगारामागे येणाऱ्या एकूण खर्चावर होती. तो एक शब्द मी 'पगार' म्हणून सोडून दिला होता.

मग फळ्यावर हिशेब मांडला. वाढीची विभागणी 50, 30, 20 टक्के, म्हणजे पहिल्या वर्षी 6,000. त्यातले 3,000 मूळ वेतनात. त्यावर कंपनीचा 12 टक्के पीएफ 360 आणि ग्रॅच्युइटीची तरतूद 4.81 टक्क्यांनी साधारण 144. हे दोन्ही सीटीसीत धरलेलं, म्हणून पगारपत्रकात वाढणार 5,496. कामगाराचा स्वतःचा पीएफ 360 कापला की हातात 5,136.

मागे बसलेले काका शांतपणे म्हणाले, "मी घरी सहा सांगून बसलोय."

व्यवस्थापकांनी काही लपवलं नव्हतं, युनियनच्या प्रतिनिधींनाही आकडा माहीत होता. गफलत माझ्या शब्दाची होती, आणि ते मला फार लागलं. आता मसुद्यात 'कंपनीचा एकूण खर्च' असं लिहिलंय आणि खाली हाच हिशेब जोडलाय.

तुमच्याकडे सीटीसीला कामगारांना लगेच कळेल असा कुठला शब्द वापरतात?