ओळ तीच, शेअर दुसरा

डीलिंग रूममधली टर्मिनल्स सांभाळणं हे माझं काम. बाजार उघडून थोडाच वेळ झाला होता, तेवढ्यात एका डीलरने हाक मारली. क्लायंटचे ५०० शेअर विकायचे होते आणि विकला गेला भलताच शेअर, जो त्या क्लायंटकडे नव्हताच. मिळेल त्या भावाला विकायची मार्केट ऑर्डर असल्याने सौदा लगेच झाला, रद्द करायला काही उरलं नव्हतं. "अहो, मी बरोबर ओळीवरच होतो," ते पुन्हा पुन्हा सांगत होते. आधी तेवढेच शेअर खरेदी करून पोझिशन मिटवली, मग मी लॉग उघडला.

ते खरंच बरोबर ओळीवर होते. त्यांच्या मार्केट वॉचमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या भावांच्या यादीत, सगळ्यात जास्त वाढलेला शेअर आपोआप वर सरकत होता. विक्रीची कळ F2 दाबण्याच्या जेमतेम पाव सेकंद आधी दोन शेअरनी जागा बदलल्या. टर्मिनल मात्र निवडलेला शेअर लक्षात न ठेवता ओळीचा क्रमांक लक्षात ठेवत होतं. एवढ्या वेळात बोट आवरणं कुणालाच जमणार नाही.

पुढची नोंद मला जास्त खटकली. विक्रीची खिडकी उघडली, Enter. मग शेअरचं नाव ठळक दाखवणारी 'नक्की?' अशी चौकट आली, पुन्हा Enter. ती अर्धा सेकंदही पडद्यावर टिकली नाही. प्रत्येक ऑर्डरला तीच चौकट आणि तीच कळ असेल, तर हाताला F2-Enter-Enter ही एकच हालचाल होऊन बसते. टोकियोत डिसेंबर २००५ मध्ये ६,१०,००० येनला १ शेअर विकायच्या जागी १ येनला ६,१०,००० शेअरची ऑर्डर गेली, तेव्हाही पडद्यावर इशारा आला होता आणि तो ओलांडला गेला.

म्हणून नेहमीच्या ऑर्डरची चौकट आम्ही काढूनच टाकली. डीलरना ते आवडलं, कारण चौकटीत गेलेल्या वेळात भाव निसटतो. आता ती फक्त वेगळं काही दिसलं तरच येते: नेहमीपेक्षा मोठी क्वांटिटी, शेवटच्या सौद्यापासून लांबचा भाव, किंवा खात्यात नसलेल्या शेअरची विक्री. तिथे Enter चालत नाही, क्वांटिटी पुन्हा टाइप करावी लागते. निवड शेअरला बांधली, आणि ओळी नुकत्याच हलल्या असतील तर खरेदीची F1 आणि विक्रीची F2 क्षणभर बंद राहतात. कळ दाबून धरली तर विंडोज ती पुन्हा पुन्हा पाठवत राहतं, त्यातली पहिलीच आम्ही धरतो.

सगळ्या ऑर्डर रद्द करायच्या कळीला मात्र एकही अडसर ठेवला नाही. चुकून दाबली गेली तर रांगेतली जागा जाते, पण नको असलेला सौदा गळ्यात पडत नाही.