दहापैकी पाच दिवस

मंगळवार, 29 तारीख. दुपारी साडेतीनच्या सुमारास मॅडम माझ्या डेस्कपाशी आल्या आणि शेजारची रिकामी खुर्ची ओढून बसल्या. एरवी त्या उभ्यानेच बोलतात, त्यामुळे विषय माझ्या लक्षात आला.

"तुझी 11 तारखेपासूनची सुट्टी आहे ना, ती जरा त्याच्या पुढच्या महिन्यात ढकलता येईल का? व्हेंडरने तारीख बदललीय."

ही सुट्टी चार महिन्यांपूर्वी मंजूर झाली होती. सोमवार 11 ते शुक्रवार 22, कामाचे दहा दिवस. ताई परदेशातून येणार होती, आई-बाबांना घेऊन आम्ही सगळे दोन आठवडे एकत्र राहणार होतो. मुक्काम 9 ते 23, बुकिंग झालेलं. ताईची सुट्टी तर हलणं शक्यच नव्हतं.

मी पेरोलमध्ये काम करतो. साडेसहाशेच्या आसपास लोकांचा पगार आम्ही पाचजण मिळून काढतो आणि तेव्हा आमचं जुन्या सिस्टिमवरून नव्या सिस्टिमवर स्थलांतर चाललं होतं. त्यासाठी पॅरलल रन करतात, म्हणजे एकाच महिन्याचा पगार दोन्हीकडे काढायचा आणि प्रत्येक माणसाच्या हातात पडणारी रक्कम ताडून पाहायची. दोन रन झाले होते. तिसरा माझ्या सुट्टीच्या आधीच व्हायचा होता, पण व्हेंडरकडून एक दुरुस्ती उशिरा येणार असल्यामुळे तो नेमका सुट्टीत येऊन पडला.

त्या क्षणी माझ्या ओठांवर "बघतो मॅडम, करतो काहीतरी" हे वाक्य आलं होतं. ते मी गिळलं, त्यालाही कारण आहे. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या टीममध्ये असताना मी अशीच सुट्टी तोंडी पुढे ढकलली होती. नंतर ते साहेब दुसऱ्या विभागात गेले, नव्या साहेबांना काही ठाऊक नव्हतं आणि वर्षअखेरीला माझे सहा दिवस बुडाले. कोणी फसवलं नव्हतं. नुसतं कुठे काही लिहिलेलं नव्हतं.

म्हणून मी म्हटलं, "मॅडम, लगेच हो किंवा नाही म्हणत नाही. पण मला तीन गोष्टी सांगा. काम नेमकं कोणत्या तारखांना आहे, त्यातलं माझ्याशिवाय काय अडतं, आणि व्हेंडर परत घसरला तर काय ठरलंय? उद्या सकाळी मी तुम्हाला पक्कं सांगतो."

त्या जरा थांबल्या. तारखा त्यांच्याकडेही नीट नव्हत्या. "तू इथे असलास तर बरं" एवढंच त्यांच्या मनात होतं. बहुतेकदा हे असंच असतं. धास्ती खरी असते, पण ती दिवसांत मोजलेली नसते, म्हणून मागताना सरसकट सगळी सुट्टी मागितली जाते.

आम्ही दोघांनी तिथेच बसून कागदावर मांडलं. दुरुस्ती 12 तारखेला रात्री येणार. रन 13 ला, फरकांची यादी त्याच दिवशी दुपारी, आणि ती निस्तरायला 14 आणि 15. सोमवारी 18 ला सही, 25 ला नव्या सिस्टिममधून पहिला पगार. म्हणजे माझी खरी गरज होती बुधवार ते शुक्रवार, तीन दिवस.

आणि ती गरज खोटी नव्हती, हे मला मान्य करावं लागलं. मागच्या रनमध्ये 41 जणांच्या पगारात फरक आला होता आणि त्यातल्या बहुतेकांचं मूळ एकच निघालं. महिन्याच्या मध्यात रुजू झालेल्यांचा पगार जुनी सिस्टिम सरसकट 30 ने भागते, नवी त्या महिन्याच्या खऱ्या दिवसांनी. 31 दिवसांच्या महिन्यात 16 तारखेला आलेल्या माणसाला एकीकडे 16/30 मिळतात, दुसरीकडे 16/31. जुन्या सिस्टिमच्या असल्या खोडी टीममध्ये मलाच पाठ आहेत. ज्युनिअरला यादी काढता येते, पण यादीतला कोणता फरक नियमाचा आणि कोणता चुकीचा, हे सांगायला महिनाभराची तरी सवय लागते.

मग तिसरा प्रश्न. "समजा 15 ला यादी साफ झालीच नाही, तर?"

"तर मग तो महिना जुन्यावरच काढू," मॅडम म्हणाल्या. "लायसन्स एक महिना वाढवावं लागेल."

माझ्या दृष्टीने सगळ्या बोलण्यातलं हे सर्वांत मोलाचं वाक्य. म्हणजे मी गेलो तर कोणाचा पगार थांबणार नव्हता. वाईटात वाईट काय, तर एका महिन्याचा जादा खर्च. तो लहान नसेल, पण त्याला पर्याय होता. "बिझनेसची गरज" हे शब्द ऐकले की आपण आपोआप खाली मान घालतो. त्या गरजेत खरं अडणारं किती आणि गैरसोयीचं किती, हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि ते विचारण्यात उद्धटपणाही नाही.

रात्री घरी बसून माझ्या बाजूचे आकडे काढले. मुक्कामाच्या बुकिंगमध्ये माझ्या खोलीची अट अशी होती, की येण्याच्या सात दिवस आधीपर्यंत कळवलं तर रद्द केलेल्या रात्रींचे निम्मे पैसे परत, त्यानंतर काही नाही. म्हणजे शनिवार, 2 तारखेची मध्यरात्र ही माझी मुदत. तिकिटाची तारीख बदलायला शुल्क, वर भाड्यातला फरक, आणि तो फरक रोज वाढत होता. प्रवास विमा वाचून काढला. कामामुळे बेत बदलला तर भरपाई नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. (हे कलम बहुतेक साध्या पॉलिसींत असतं. मी ते त्या रात्री पहिल्यांदा वाचलं.)

ताईला फोन केला. ती आधी चिडली, मग म्हणाली, "एक आठवडा उशिरा आलास तरी चालेल, पण येणारच नाहीस असं होऊ देऊ नकोस." त्याने माझी सीमारेषा ठरली. 18 ते 22 हे पाच दिवस देण्याजोगे नव्हतेच. 11 ते 15 देता येण्याजोगे होते.

बुधवारी सकाळी दहाला मॅडमकडे गेलो. म्हटलं, "पहिला आठवडा मी थांबतो. दुसरा हलणार नाही. आणि हे गुरुवारपर्यंत लेखी ठरायला हवं, कारण शनिवारनंतर माझे निम्मे पैसेही जातात." त्यांना आधी वाटत होतं, शुक्रवारी निवांत बोलू. मुदतीची तारीख सांगितल्यावर त्याच घाई करू लागल्या.

दोन जादा भरपाई रजाही मी मागून पाहिल्या. त्यांनी सरळ नाही म्हटलं, तसा नियम नाही म्हणून. मी ताणलं नाही. ती माझी गरज नव्हती, मागून पाहण्याची गोष्ट होती.

ताणलं ते दुसऱ्या ठिकाणी. आमचं रजेचं वर्ष सुट्टीच्या पुढच्याच महिन्यात संपतं आणि पुढच्या वर्षात जास्तीत जास्त पाच दिवस नेता येतात. ते पाच माझ्याकडे आधीच शिल्लक होते. म्हणजे परत खात्यात येणारे पाच दिवस त्याच महिन्यात, नव्या सिस्टिमच्या पहिल्या महिनाअखेरीत घ्यायचे, नाहीतर सोडायचे. मॅडम म्हणाल्या, "ते मी बघते ना." मी म्हटलं, "मॅडम, तुमच्या शब्दावर विश्वास आहे, पण ते तुमच्या हातात नाही." ते एचआरच्या हातात होतं. पैसे विभागप्रमुखांच्या हातात. मॅडमच्या हातात फक्त तारखा आणि सुट्टीत मला फोन करायचा की नाही, एवढंच. माणूस प्रामाणिक असूनही ज्याचा अधिकार नाही त्याचं आश्वासन देऊन बसतो, आणि त्यात दोघंही फसतात.

दुपारी मी मेल लिहिला. मॅडमना, प्रत एचआरला आणि विभागप्रमुखांना.

"आपल्या विनंतीनुसार 11 ते 15 ही मंजूर सुट्टी पुढे ढकलण्यास मी तयार आहे. 18 ते 22 ची सुट्टी कायम राहील. हे पाच दिवस पुढील रजावर्षात, नेहमीच्या मर्यादेव्यतिरिक्त, पहिल्या सहा महिन्यांत वापरता येतील. बदलामुळे होणारा प्रवास व मुक्कामाचा खर्च पावत्यांनुसार मिळेल. 18 ला सकाळी अर्ध्या तासाचा एक कॉल मी घेईन. याहून जास्त काम पडल्यास त्या दिवसाची अर्धी रजा परत जमा होईल. 15 ला संध्याकाळी 6 नंतर फरक शिल्लक राहिल्यास त्या महिन्याचा पगार जुन्या सिस्टिममधून काढण्याचा निर्णय आपण घ्याल. एचआर आणि विभागप्रमुखांची मान्यता आल्यावर मी तारखा बदलेन."

शेवटचं वाक्य मी सहज लिहिलं होतं, पण त्यानेच वाचवलं. मॅडमचं "ओके" दहा मिनिटांत आलं आणि मी उत्साहाने पोर्टल उघडलं. तिथे मंजूर सुट्टी कमी करण्याची सोयच नव्हती. फक्त मागे घ्या, पूर्ण दहा दिवस. बोट माउसवर होतं. मग आठवलं, 18 च्या आठवड्यासाठी आमच्यातल्या आणखी दोघांचे अर्ज पडलेले आहेत, त्यातला एक माझ्यामुळे थांबलाय, कारण पाचपैकी तिघं हजर हवेतच. मी मागे घेतल्याबरोबर माझी जागा त्याला गेली असती आणि माझा नवा अर्ज सिस्टिमने आपणहून नाकारला असता. एचआरला फोन केला. त्यांच्या लॉगिनमधून सुरुवातीची तारीख बदलता येते, हे तेव्हा कळलं. गुरुवारी दोन्ही मान्यता आल्या, त्यांनी तारीख बदलली, मी पोर्टलवर 18 ते 22 मंजूर दिसतंय याची खात्री केली आणि मगच खोली आणि तिकीट बदललं.

पैशांबाबत विभागप्रमुखांनी सुचवलं होतं, की एकरकमी काहीतरी पगारात देऊन टाकू. पेरोलचा माणूस असल्यामुळे तिथे मी सावध होतो. पगारात आलेली रक्कम सहसा कमाई धरली जाते आणि कर कापून हातात पडते. खर्चाचा क्लेम लावला की पावतीइतके पूर्ण मिळतात. क्लेमच लावला.

13 ला रन झाला, फरक नऊ निघाले. शुक्रवारी सहाला दोन उरले होते, दोन्ही एकाच शाखेतल्या भत्त्याचे, कारण सापडलेलं पण दुरुस्ती व्हेंडरकडे. मी ते कारण लिहून ज्युनिअरच्या हातात दिलं. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "जा तू." 18 चा कॉल वीस मिनिटांत संपला.

क्लेम मात्र पहिल्या फेरीत परत आला. खोलीची पावती ताईच्या नावावर होती. मी तिला पाठवलेल्या पैशांचा बँकेचा उतारा जोडून दुसऱ्यांदा पाठवला, तेव्हा मंजूर झाला.