अण्णांचा हात आणि वजनकाटा: टॉवेलच्या तपासणी विभागातील माझा अनुभव

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टेरी टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्यात मी तपासणी आणि पॅकिंग विभाग सांभाळते. विभागात आम्ही चौदाजण आहोत. सर्वांत ज्येष्ठ तपासनीस, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते ५८ वर्षांचे असून चौतीस वर्षे टॉवेलच हाताळत आले आहेत. सर्वांत धाकटी मुलगी २२ वर्षांची, वस्त्रोद्योगाची पदविका घेऊन नुकतीच रुजू झालेली. विभाग माझ्याकडे आला, त्यानंतरच्या पहिल्याच एप्रिलमध्ये या दोघांत एका लॉटवरून जे घडले, ते सावरायला मला जवळजवळ आठ महिने लागले.

तो लॉट ७० बाय १४० सेंटिमीटरच्या, ५०० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅम भरणाऱ्या, बाराशे टॉवेलांचा होता. या मापाच्या एका टॉवेलचे वजन ४९० ग्रॅम यायला हवे आणि ग्राहकाने पाच टक्के कमीजास्त चालेल असे कळवले होते, म्हणजे साधारण ४६६ ग्रॅमच्या खाली गेलेला नग नापास. दुपारी तीनच्या सुमारास त्या मुलीने काट्यावर काही नग ठेवले. बहुतेक ४६३ ते ४७० ग्रॅम भरले आणि तीन नग तर ४४० च्या आसपास आले. तिने काट्याचा फोटो काढला आणि विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘लॉट फेल’ एवढेच लिहून टाकला. त्या ग्रुपमध्ये मालकही होते. सकाळी त्याच लॉटवर अण्णांची सही झालेली होती.

अण्णा त्या वेळी एवढेच म्हणाले, “दुपारचं वजन धरायचं नसतं.” मुलीला ही पळवाट वाटली. खरे तर ते शास्त्र होते. सूत हवेतला ओलावा धरून ठेवते. प्रमाणित हवेत कापसाच्या सुताचा ओलावा साडेआठ टक्के धरतात आणि आमच्या उन्हाळ्यातल्या कोरड्या दुपारी तो त्याच्या निम्म्यावर येऊ शकतो. त्यामुळे तोच टॉवेल सकाळपेक्षा दुपारी हलका भरतो. आम्ही नमुने प्रयोगशाळेत पाठवले. प्रमाणित हवेत ठेवल्यावर बहुतेक नग ४८३ ते ४९० ग्रॅम भरले आणि पास झाले, पण ४४० वाले तिन्ही नग ४६० पर्यंतसुद्धा पोहोचले नाहीत. ते तिन्ही एकाच मागावरचे निघाले. त्या मागावर पाईलच्या बीमचा, म्हणजे टॉवेलचे फंदे ज्या धाग्यांचे पडतात त्यांच्या रुळाचा, ताण वाढला होता, त्यामुळे फंदे आखूड पडून टॉवेल हलका होत होता. म्हणजे लॉट नापास नव्हता हे अण्णांचे बरोबर आणि त्यात काहीतरी बिघडले आहे हे मुलीचेही बरोबर.

येथे माझी चूक झाली. मी सगळ्यांची बैठक बोलावली, प्रत्येकाने मोकळेपणाने बोलावे असे सांगितले आणि मुलीने धाडस दाखवले म्हणून सर्वांसमोर तिचे कौतुक केले. तरुण मुले भरभरून बोलली. ज्येष्ठांपैकी एकानेही तोंड उघडले नाही. शेवटी अण्णा म्हणाले, “ताई, तुम्ही सांगाल तसं करू.” मला ते सहकार्य वाटले. प्रत्यक्षात त्या दिवसापासून त्यांनी आपले मत देणे थांबवले होते, हे मला तीन आठवड्यांनी कळले आणि तेसुद्धा एका खडूमुळे. अण्णांना एखाद्या नगाबद्दल शंका आली की ते त्याच्या कोपऱ्यावर निळ्या खडूने बारीक रेघ मारून तो बाजूला ठेवत. रोज चार-पाच नग तरी असे निघत. त्या तीन आठवड्यांत बाजूच्या टेबलावर एकही रेघ मारलेला नग नव्हता आणि खडू जिथल्या तिथे तसाच पडून होता. तक्रार नाही, वाद नाही, सगळ्या सह्या वेळेवर. नोंदवहीतून काहीच कळले नसते.

मग मी बैठका बंद केल्या आणि प्रत्येकाशी एकेकट्याने बोलले. प्रश्न तीनच ठेवले. तुमचे काम चुकले असे शेवटचे कोणी, कधी आणि कुठे सांगितले? कोणी काहीच बोलले नाही तर तुम्ही त्याचा अर्थ काय घेता? लवकर घरी जायचे असेल तर काय करता? दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे ऐकून मी थक्क झाले. अण्णा म्हणाले की त्यांचे जुने मास्तर चुकल्यावर बाजूला घेऊन सांगत आणि काही बोलले नाहीत म्हणजे काम बरोबर आहे असे समजायचे असते. मुलगी म्हणाली, “आठवडाभर तुम्ही काही बोलला नाहीत की मला वाटतं, माझ्यावर नाराज आहात.” मी दोघांशी सारखीच वागत होते, कामात असल्यामुळे गप्प राहत होते, त्या एकाच गप्प राहण्याने एकाला पावती मिळत होती आणि दुसरीला शिक्षा.

तरीही वयाप्रमाणे माणसे वाटून मोकळे व्हावे, असे मला करता आले नाही, कारण उत्तरे तशी आलीच नाहीत. पॅकिंगमधल्या पन्नाशी ओलांडलेल्या अक्कांना चूक जागच्या जागी, मोठ्याने सांगितलेली चालते. उलट आडून कळले की त्यांना राग येतो. तेवीस वर्षांचा एक मुलगा मात्र चारचौघांत साधे ‘हे बघ’ म्हटले तरी लाल होतो. पिढ्यांच्या ठोकळेबाज वर्गवारीवरून माणसे हाताळावीत याला भक्कम पुरावा नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या एका समितीने २०२० साली काढला होता. तो मी नंतर वाचला आणि मला पटला. वयापेक्षा माणूस पहिल्या नोकरीत कोणाच्या हाताखाली शिकला, हे विचारलेले जास्त उपयोगी पडते, असे माझे मत झाले आहे.

त्यानंतर मी बोलण्याच्या जागा ठरवल्या. नगातला दोष नग हातात घेऊन, टेबलाशी, त्याच दिवशी सांगायचा. माणसाच्या कामाबद्दल बोलायचे असेल तर ते माझ्या खोलीत, दोघांतच. ग्रुपवर फक्त लॉटचा क्रमांक आणि तो कुठवर आला एवढेच. फोटो आणि निकाल नाही. नव्या मुलांना दर शनिवारी दहा मिनिटे, काम चांगले असले तरीही. अण्णांना मी असली वेळ दिली नाही. आठवड्यातून एकदा एखादा अवघड नग घेऊन त्यांच्याकडे जाते आणि विचारते. त्यांच्या दृष्टीने मान आणि प्रतिसाद दोन्ही त्यातच येतात.

अधिकाराचा प्रश्न अधिक अवघड होता. लॉट थांबवण्याचा हक्क मी सर्वांना दिला: शंका येईल त्याने गठ्ठ्याला लाल पट्टी बांधावी. पण पट्टी बांधल्यावर आधी अण्णांना सांगायचे, त्यांनी अर्ध्या तासात पाहून होय किंवा नाही आणि त्याचे कारण लिहायचे. नाही पटले तर माझ्याकडे, आणि मालकांकडे फक्त माझ्यामार्फत. सुरुवातीला मी एक तास दिला होता, पण तासभर पॅकिंग खोळंबले की मुले थेट माझ्याकडे धावत. अर्ध्या तासावर आल्यावर ते थांबले.

तरी कारणाचा रकाना रिकामाच येत राहिला. ‘ठीक’ आणि सही. मी दोनदा वही परत पाठवली आणि अण्णांना कारणे द्यायची नाहीत असा समज करून घेतला. खरी गोष्ट अक्कांनी सांगितली. अण्णांचे शिक्षण तेलुगू माध्यमातले, चौथीपर्यंतचे. मराठी ते अस्खलित बोलतात, पण लिहिताना अडखळतात आणि नातवाच्या वयाच्या मुलांसमोर अडखळत लिहिणे त्यांना नको होते. ज्याला मी अधिकाराचा हट्ट समजत होते, तो लिहिण्याचा संकोच होता. तेव्हापासून कारण अण्णा बोलतात आणि ज्याने पट्टी बांधली तोच ते लिहितो. मुलीने वहीत आणखी एक रकाना स्वतःहून आखला: काट्यावर ठेवण्याआधी अण्णांनी हाताने सांगितलेले वजन. आता वजन रोज सकाळी आठला होते आणि शेजारी वेळ लिहिली जाते.

वेळेच्या सवलतीचा विषय मी तरुणांसाठी काढला होता. स्पर्धा परीक्षेचा क्लास, दुचाकीचे काम, मित्राचे लग्न, यासाठी तासभर आधी जाऊ द्या, अशी त्यांची मागणी उघड होती. ज्येष्ठांनी काहीच मागितले नव्हते, म्हणून त्यांना ठरलेली पाळीच हवी असे मी गृहीत धरले होते. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात ते कोसळले. आमच्या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते आणि वेळ बदलत राहते. पाणी सकाळी उशिरा येणार असेल त्या दिवशी अक्का पूर्ण दिवसाची रजा टाकत होत्या. दोन तासांसाठी त्या दिवसाचा पगार सोडत होत्या, कारण ‘उशिरा येते’ असे विचारणे त्यांना उद्धटपणाचे वाटे.

मी दोन तास मागेपुढे करण्याची मुभा दिली: आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत फळ्यावर नाव लिहायचे, टेबलावर किमान नऊजण हवेत, आणि सुटलेले तास त्याच आठवड्यात भरायचे. आठवड्याचे ४८ तास ओलांडले की दुप्पट दराने ओव्हरटाइम द्यावा लागतो, म्हणून ते तास पुढच्या आठवड्यावर ढकलायचे नाहीत, हे मी सुरुवातीलाच स्पष्ट केले. पहिल्या महिन्यात फळ्यावर ज्येष्ठांची नावे जवळजवळ नव्हती. मग मी स्वतःचे नाव लिहिले, कारणासकट: ‘पाणी’. त्या आठवड्यात अक्कांनी लिहिले. आता पाण्याच्या दिवशी मुभा घेणाऱ्यांत ज्येष्ठच अधिक असतात आणि अख्ख्या दिवसाच्या रजा उतरल्या आहेत.

सगळे सुटले असे नाही. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत सगळ्यांनाच एकाच वेळी सुट्टी हवी असते आणि नऊजणांची अट तिथे मोडते. त्या आठवड्यासाठी आम्ही अजून दरवर्षी चिठ्ठ्या टाकतो. एका ज्येष्ठ तपासनिसांना लाल पट्टीची पद्धत शेवटपर्यंत रुचली नाही. धाकट्याने आपला लॉट अडवावा हे त्यांना सहन होईना आणि त्यांनी गोदामात बदली मागून घेतली. मी त्यांना आधी एकट्याने विश्वासात घेतले असते तर ते राहिले असते, असे मला आजही वाटते. मुलगी आणि अण्णा यांच्यात फार बोलणे अजूनही होत नाही. पण ऑगस्टमध्ये एका सकाळी बाजूच्या टेबलावर मला सहा नग दिसले, त्यांतल्या चारांवर अण्णांची निळी रेघ होती आणि दोनांवरची रेघ जरा जाड, नवख्या हाताची होती.