टोचत नाही

ताईने दुपारी निरोप पाठवला, "मफलरचं वर्णन लिहिलंय, विक्रीला टाकायच्या आधी जरा बघ." बघितलं. "सुंदर, अप्रतिम, हातविणीचा मनमोहक मफलर. अतिशय मऊ. मस्त रंग." पाच कौतुकं झाली, पण मफलर काही दिसेना.

मी आधी सोपी चूक केली. सुंदर खोडलं आणि तिथे देखणा लिहिलं. अप्रतिमच्या जागी बरेच शब्द बसवून पाहिले. शेवटी नयनरम्यपाशी पोचले तेव्हा मलाच हसू आलं. वर्णनातून मफलर काढून तिथे कानातलं, उशीचा अभ्रा किंवा मातीची कुंडी ठेवली तरी एकही शब्द हलत नव्हता. थकलेल्या शब्दाच्या जागी त्याचा चुलतभाऊ आणून बसवला तर तोही थकलेलाच निघतो. शिवाय मफलर शोधणारा माणूस "अप्रतिम" टाइप करून शोधत नाही. तो "राखाडी लोकरी मफलर" असं काहीतरी लिहितो. ताईच्या वर्णनात लोकर हा शब्दच नव्हता.

आजी लोकरीची लडी माझ्या दोन्ही हातांत अडकवायची आणि समोर बसून गुंडा करायची. मी डावा हात खाली, उजवा वर, मग उलट, अशी डुलत राहायचे. हात भरून यायचे, पण खाली घेतले की गुंता. तिने नवी लोकर कधी तळहातावर घासून पाहिली नाही, थेट गळ्याशी न्यायची. तळव्याची कातडी जाड, तिला सगळंच मऊ लागतं; गळ्याची तशी नसते. मग निकाल यायचा: टोचते किंवा टोचत नाही. "छान आहे" हा निकाल तिच्या दरबारी नव्हता.

टोचण्याचं कारण तंतूच्या जाडीत असतं. साधारण तीस मायक्रॉनच्या पुढचे ताठ तंतू कातडीत रुततात, बारीक मेरिनोचे तंतू वाकतात. म्हणून "अतिशय मऊ" खोडून "मेरिनो लोकर, उघड्या गळ्याला टोचत नाही" असं लिहिलं. ताई म्हणाली, "अगं, एखाद्याला टोचलंच तर?" मुद्दा बरोबर होता. कुणाकुणाला बारीक लोकरही सोसत नाही. मग ते असं झालं: "मी दिवसभर उघड्या गळ्यावर वापरून पाहिला, टोचला नाही." आता ही ताईची साक्ष झाली. साक्ष द्यायची म्हणून तिने दुसऱ्या दिवशी तो खरंच दिवसभर गळ्यात ठेवला आणि मग तो विकायचा नाही, नमुन्याचा, असं ठरवलं. तेवढ्याशा विशेषणापायी एक मफलर गेला.

मनमोहकच्या आड काय आहे ते मला ठाऊक होतं. तिने प्रत्येक ओळ सुलट विणली होती. एक ओळ सुलट, एक उलट असं विणलं की कडा आत गुंडाळतात आणि मफलरची नळी होते. सगळं सुलट विणलं की तो सपाट राहतो आणि दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, गळ्याभोवती कसाही फिरवा. तिने एवढं करून ठेवलं होतं आणि सांगितलं मात्र नव्हतं. विणणाऱ्याला ते सांगण्यासारखं वाटतच नाही म्हणा, कारण त्याच्या हाताला ते रोजचं.

रंगावर वाद झाला. "मस्त" म्हणजे नेमका कोणता? ती म्हणाली निळा, फोटोत हिरवट दिसत होता. फोटो रात्री पिवळ्या दिव्याखाली काढलेला. आपल्याकडे मोरपंखी, शेवाळी, आकाशी असे नेमके शब्द पडून आहेत. सकाळी खिडकीपाशी फोटो काढला आणि दोघींचं मोरपंखीवर एकमत झालं. पुढे तिने स्वतःहून लिहिलं की पुढचा मफलर दुसऱ्या लॉटच्या लोकरीचा असेल आणि रंगात थोडा फरक पडेल. गरम पाण्यात धुतला तर आटून नमद्यासारखा घट्ट होईल, हेही लिहिलं. विकणाऱ्याने असलं लिहावं का, यावर ती थोडा वेळ घुटमळली. मला ते वाक्य सगळ्यात आवडलं. आहे बाई कोणीतरी, जिला ही वस्तू माहीत आहे, असं त्यातून कळतं.

लांबी १८० सेंटिमीटर, रुंदी २२. वजन तिने काट्यावर घेतलं, १६२ ग्रॅम. संध्याकाळी पाऊस आला, तेव्हा सहज पुन्हा ठेवला तर १७१. लोकर हवेतलं पाणी पिते आणि हाताला ओली लागतही नाही. मी म्हटलं, कोणतं लिहायचं? ताईने सुया उचलल्या. "सुमारे लिही गं."