बीबसी म्हणजे काय?

रत्नागिरीत आमच्या शेजारी राहणाऱ्या खाला उमराहच्या यात्रेसाठी मक्केला निघाल्या, तेव्हा मी त्यांना एक चाळीस पानी वही करून दिली. मी नोकरीसाठी सौदीत जेद्दाला काही वर्षं काढलेली, त्यामुळे दुकानांच्या पाट्या आणि पाकिटांवरचे शब्द मराठीत लिहून देणं म्हणजे एका संध्याकाळचं काम, असं मला वाटलं होतं.

पहिली अडचण खालांनीच काढली. त्यांना अरबी अक्षरं येतात, लहानपणापासून कुराण वाचलेलं. मी मोबाईलमधले जुने फोटो दाखवले तर म्हणाल्या, "ह्याला जेर-जबर कुठे आहेत?" खरंच, पाटीवर स्वरांच्या खुणा कोणी देत नाही. तरी त्यांनी नेट लावून एक शब्द वाचला. "बीबसी. बीबसी म्हणजे काय रे?"

पेप्सी! अरबीत 'प' नाही, म्हणून तिथे 'ब' बसतो. 'व्ह'साठीही वेगळं अक्षर नाही, तिथे बहुधा 'फ' येतो. त्यामुळे रमजानात घरोघरी दिसणारं विम्टो सरबत वाचायला गेलं तर 'फीमतो' होतं. असे शब्द अर्थ लावायचे नसतातच, मोठ्याने म्हणून बघायचे असतात. म्हणून मी वहीत दोन रंग केले. निळ्या शाईत भाषांतर, लाल शाईत नुसता उच्चार. लाल शब्दाचा अर्थ शोधायचा नाही, तो दुकानदाराला म्हणून दाखवायचा.

पण काही नावं दोन्हीकडची निघाली. तिथल्या दुधाच्या बाटल्यांवर 'अल्-मराई' हे नाव जागोजाग दिसतं. त्याचा अर्थ कुरणं. मी हौसेने निळ्या शाईत 'कुरणं' लिहिलं आणि लगेच खोडलं. खालांनी मक्केतल्या दुकानात जाऊन कुरणं मागितली असती तर? नावाला अर्थ आहे म्हणून ते भाषांतराला येतंच असं नाही. आपल्याकडच्या 'अमूल'चं कोणी 'अमूल्य' करून लोणी मागत नाही.

बाटलीवर मोठं अक्षर कंपनीचं असतं आणि आपल्या कामाचा शब्द त्याच्या खाली, लहान. तोच चुकला की घोटाळा. माझ्या पहिल्याच आठवड्यात मी 'लबन' लिहिलेली पांढरीशुभ्र बाटली आणून चहात ओतली. चहा फाटला. मला वाटलं दूध नासलंय. दुसरी बाटली आणली, दुसरा चहाही फाटला! मग खोलीतला इजिप्तचा सोबती म्हणाला, आमच्याकडे लबन म्हणजे दूधच, पण इथे दुधाला 'हलीब' म्हणतात. इथलं लबन म्हणजे ताक. वहीत मी हे पान तुटक रेघेने चौकट करून लिहिलं: हलीब दूध, लबन ताक, जबादी दही. आणि 'लबना' म्हणजे चक्का, श्रीखंड करायचं असेल तर.

'कामिल अद्-दसम' म्हणजे सायीसकट, पूर्ण स्निग्धांशाचं. 'खाली मिन अस्-सुक्कर' यातलं 'खाली' आपलं वरखालीतलं नव्हे, रिकामं. साखर नसलेलं. खालांना मधुमेह आहे, म्हणून हे दोनदा लिहिलं. तारखांच्या बाबतीत मात्र मला फार शिकवावं लागलं नाही. 'तारीख अल्-इंतिहा' दाखवल्याबरोबर त्या म्हणाल्या, "इंतिहा म्हणजे संपलं. त्यानंतर खायचं नाही."

पाट्यांची गंमत वेगळी. आपण 'जोशी मेडिकल', 'गणेश बेकरी' म्हणतो, नाव आधी आणि धंदा नंतर. अरबी पाटी उलटी चालते. 'मखबज अस्-सलाम', आधी बेकरी, मग सलाम. म्हणजे उजवीकडचा पहिला शब्द निळ्या शाईचा आणि पुढचा लाल. 'सैदलिया' औषधांचं दुकान, 'मतअम' खानावळ, 'बकाला' किराणा. 'मगसला' ही धुण्याची जागा, पण काय धुतात ते पुढच्या शब्दावर. कपडे असतील, मोटारीही असतील. मराठीत लिहिताना मी क्रम फिरवून 'सलाम बेकरी' केलं होतं. खालांनी हरकत घेतली. पाटीवर डोळा पहिल्या शब्दावर जाणार आणि वहीत तो दुसरा, मग जुळवायचं कसं? त्यांचं बरोबर होतं. कानाला विचित्र लागलं तरी 'बेकरी सलाम' असंच ठेवलं.

महिन्याभराने त्या परतल्या. खजूर आणि जमजमचं पाणी देऊन झाल्यावर त्यांनी वही उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मी शब्दशः लिहून गेलो होतो: 'तमर हिंदी – हिंदी खजूर'.

"सून म्हणाली, हिंदुस्थानचा खजूर कसा असतो बघू या. दोन ग्लास घेतले. रियाल मोजले आणि घोट घेतला तर काय? चिंचेचं पाणी! आपल्या परसात झाड आहे रे!"

मी लाल पेन घेतलं, मग विचार करून निळं घेतलं, आणि खजूर खोडून चिंच लिहिलं.