वडिलांचे शंभर शेअर आणि परत घरी येणारा बाण

वडील गेल्यावर कपाटातल्या फाइलीत 'महाराष्ट्र स्कूटर्स'च्या शंभर शेअरचं सर्टिफिकेट निघालं. साताऱ्याच्या कारखान्यात पूर्वी 'प्रिया' स्कूटर बनायची, त्या ओढीनं त्यांनी कधीतरी घेतलेले. आता ते आईच्या नावावर करायचे होते. मी हिशेबनीस माणूस, म्हटलं निदान कंपनी आता करते काय ते तरी बघू. वार्षिक अहवाल उघडला तर स्कूटर कुठेच नाही. मालमत्तेत जवळजवळ सगळं इतर कंपन्यांचे शेअर: बजाज फायनान्स, बजाज ऑटो, बजाज फिनसर्व्ह, आणि बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट.

शेवटचं नाव वाचून मी थांबलो. कारण महाराष्ट्र स्कूटर्सची मालकी कोणाकडे हे बघायला मी आधीच बीएसईच्या साइटवरून शेअरहोल्डिंग पॅटर्न, म्हणजे भागधारकांचा तक्ता, उतरवून ठेवला होता, आणि त्यात प्रमोटरच्या, म्हणजे कंपनीचा ताबा असणाऱ्यांच्या, रकान्यात 51 टक्क्यांवर हीच बजाज होल्डिंग्ज होती. म्हणजे लेक आईची मालकीण आणि आई लेकीची. दोन संध्याकाळी काढून हा धागा सोडवायचा असं ठरवलं. लागले सहा आठवडे.

पहिली गोष्ट कळली ती ही, की असं वर्तुळ एका कागदात कधीच दिसत नाही. सेबीच्या नियमानुसार प्रत्येक लिस्टेड कंपनीला तिमाही संपल्यावर 21 दिवसांत हा तक्ता द्यावा लागतो. त्यात प्रमोटर आणि त्यांच्या गटातला प्रत्येक धारक नावानिशी असतो, बाकीच्या जनतेतला मात्र एक टक्का किंवा त्याहून जास्त धरला तरच. पण तक्ता सांगतो फक्त 'माझे मालक कोण'. 'मी कोणाची मालक' हे अहवालातल्या गुंतवणुकीच्या टिपेत असतं. म्हणून एक साधी शीट केली: मालक, मालकीची कंपनी, शेअरची संख्या, त्या कंपनीचे एकूण शेअर, आणि तारीख. प्रत्येक ओळ म्हणजे एक बाण. मग एका कंपनीवर बोट ठेवायचं, तिच्या मालकाच्या ओळीवर जायचं, तिथून त्याच्या मालकाच्या, आणि जिथून निघालो तिथे बोट परत येतंय का ते पाहायचं.

टक्क्यांऐवजी शेअरची संख्या लिहायचं मला कोणी सांगितलं नव्हतं. सवय म्हणून लिहिली आणि त्यानंच काम सोपं झालं. महाराष्ट्र स्कूटर्सकडे बजाज होल्डिंग्जचे 33,87,036 शेअर. बजाज ऑटोचे त्या अहवालात 67,74,072 होते, म्हणजे बरोबर दुप्पट. योगायोग इतका नेटका नसतो. जुने कागद काढले तर उलगडा झाला. 2008 मध्ये त्या वेळच्या बजाज ऑटोचं विभाजन झालं, आणि जुन्या एका शेअरमागे नव्या बजाज ऑटोचा एक आणि फिनसर्व्हचा एक मिळाला. म्हणजे तिन्हीकडे 33,87,036. मग 2010 मध्ये बजाज ऑटोनं एकास एक बोनस दिला आणि तो आकडा दुप्पट झाला. फिनसर्व्हच्या वाटेवर 2012 चा दहास एक राइट्स आणि 2022 चं शेअरचं विभाजन व बोनस होता, त्यामुळे तिथे आकडा ओळखू येत नव्हता, पण पायऱ्या उलट्या उतरल्यावर तोही तिथेच पोचला. थोडक्यात, ह्या तिन्ही गुंतवणुकी एकाच जुन्या शेअरगठ्ठ्याची पिल्लं आहेत. टक्के लिहिले असते तर हे नातं डोळ्यांसमोरून निसटलं असतं, कारण टक्का दोन्ही बाजूंनी हलतो.

2008 च्या ह्याच विभाजनानं मला फसवलंही. जुन्या अहवालांत महाराष्ट्र स्कूटर्सचा 24 टक्क्यांचा मालक म्हणून 'बजाज ऑटो' लिहिलेलं आहे. मी तो बाण आजच्या बजाज ऑटोकडे लावला. आठवडाभर शीटमध्ये असं चित्र होतं की बजाज ऑटो आणि महाराष्ट्र स्कूटर्स एकमेकींच्या मालक आहेत. प्रत्यक्षात जुनी बजाज ऑटो म्हणजेच आजची बजाज होल्डिंग्ज. विभाजनात तिनं नाव बदललं, आणि तिचं जुनं नाव दुसऱ्या कंपनीनं घेतलं. चूक पकडली ती सीआयएनमुळे. प्रत्येक कंपनीच्या ह्या एकवीस अक्षरी क्रमांकात स्थापनेचं वर्ष असतं. बजाज होल्डिंग्जच्या क्रमांकात 1945 आहे, आजच्या बजाज ऑटोच्या 2007. नव्वदच्या दशकातल्या अहवालात 2007 ची कंपनी मालक असणार कशी? तेव्हापासून शीटमध्ये नावाऐवजी सीआयएन हाच खांब धरला. तक्त्यांत एकच कंपनी कधी 'लिमिटेड', कधी नुसतं 'लि.' अशी येते. पॅन जाहीर होत नाही, त्यामुळे नावांवर भरवसा ठेवला की एकाच कंपनीची दोन टिंबं तयार होतात आणि वर्तुळ तुटलेलं दिसतं.

मग प्रश्न असा, की उपकंपनीनं होल्डिंग कंपनीचे शेअर धरणं चालतं का? 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 19 सरळ मनाई करतं. पण त्यात तीन अपवाद आहेत. मृत सभासदाची कायदेशीर प्रतिनिधी म्हणून धरले असतील, विश्वस्त म्हणून धरले असतील, किंवा उपकंपनी होण्याआधीपासूनच हातात असतील तर चालतं. इथे तिसरा अपवाद. महाराष्ट्र स्कूटर्समध्ये 27 टक्के हिस्सा राज्य सरकारच्या पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळाचा होता. तो बजाजला कोणत्या भावानं द्यायचा ह्यावर वाद झाला, लवादानं 2006 मध्ये शेअरला 151.63 रुपये ठरवले, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात जानेवारी 2019 मध्ये मिटलं. त्या वर्षी जूनमध्ये हिस्सा हस्तांतरित झाल्यावर 24 चे 51 टक्के झाले आणि महाराष्ट्र स्कूटर्स उपकंपनी ठरली. वर्तुळ त्याआधीही होतंच. कायद्याच्या नजरेत ते 2019 मध्ये आलं.

अपवाद मिळाला तरी त्याला किंमत आहे, आणि बहुतेकांचं लक्ष इथे जात नाही. प्रतिनिधी किंवा विश्वस्त म्हणून धरलेल्या शेअरवर मत देता येतं, पण आधीपासून हातात असलेल्या शेअरवर उपकंपनीला होल्डिंग कंपनीच्या सभेत मत नाही. बजाज होल्डिंग्जचे एकूण शेअर 11,12,93,510. त्यातले 33,87,036, म्हणजे 3.04 टक्के, मतदानाच्या वेळी गप्प. उरतात 10,79,06,474. आता कोणाकडे कागदावर 10 टक्के असतील तर सभेत त्याचं वजन 10.3 टक्के भरतं. फार मोठा फरक नाही. पण वर्तुळातला हिस्सा 3 ऐवजी 30 टक्के असता तर कागदावरचे 36 टक्के मतांत निम्म्याच्या पुढे गेले असते. म्हणून आता मी तक्त्यातला 'एकूण शेअरमधला टक्का' आणि मतांचा टक्का एकच असेल असं गृहीत धरत नाही.

पैशाचा हिशेब वेगळा. बजाज होल्डिंग्जच्या किमतीत महाराष्ट्र स्कूटर्सच्या 51 टक्क्यांची किंमत आहे, आणि महाराष्ट्र स्कूटर्सच्या किमतीत बजाज होल्डिंग्जच्या 3.04 टक्क्यांची. दोन्ही बेरजा वेगवेगळ्या केल्या की थोडी किंमत दोनदा मोजली जाते. किती? 0.51 गुणिले 0.0304, म्हणजे सुमारे 1.55 टक्के. बजाज होल्डिंग्ज आडवाटेनं स्वतःच्याच सव्वासतरा लाख शेअरची मालक आहे. दोन कंपन्यांचं वर्तुळ असलं तर एवढा गुणाकार पुरतो: बाहेरची खरी मालमत्ता मोजायची आणि तिला 1 वजा 0.0155 नं भागायचं. चार-पाच कंपन्या गुंतल्या तर हातानं जमत नाही, मग सगळ्या टक्क्यांचं मॅट्रिक्स मांडून एकाच वेळी समीकरणं सोडवावी लागतात. मी तेही एकदा करून पाहिलं, पण ह्या गटासाठी त्याची गरज नव्हती.

हे सगळं लिस्टेड कंपन्यांपुरतं. गटातल्या खासगी कंपन्यांना तिमाही तक्ता नसतो. त्यांच्यासाठी कंपनी मंत्रालयाच्या साइटवर 100 रुपये भरून एमजीटी-7 म्हणजे वार्षिक विवरण उघडावं लागतं, त्याला भागधारकांची यादी जोडलेली असते. पण ती 31 मार्चची. मी एकदा मार्चची यादी आणि डिसेंबरचा तक्ता एकाच शीटमध्ये घातला आणि मधल्या काळात हललेले शेअर दोन्हीकडे मोजले. तेव्हापासून तारखेचा स्तंभ भरल्याशिवाय ओळ ठेवत नाही.

जिथे वरची कंपनीच लिस्टेड नाही अशी वर्तुळं तर तक्त्यात सापडतच नाहीत. टाटा स्टीलचा सुमारे एक तृतीयांश हिस्सा टाटा सन्सकडे आहे, ते तिमाही तक्त्यात दिसतं. पण टाटा सन्स लिस्टेड नाही, म्हणून टाटा स्टीलकडे टाटा सन्सचे 12,375 शेअर आहेत हे फक्त टाटा स्टीलच्या अहवालातल्या गुंतवणुकीच्या टिपेत मिळतं. तिथे हिस्सा निम्म्याहून कमी असल्यानं उपकंपनीचा मुद्दा येत नाही. पण बाण वर्तुळातच फिरतो.

शीट पुरी झाल्यावर बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "अरे, पण बाबांचे शंभर शेअर म्हणजे नेमकं काय रे?" भागाकार करून सांगितलं: महाराष्ट्र स्कूटर्सचे एकूण शेअर 1,14,28,568, तेव्हा शंभरामागे बजाज होल्डिंग्जचे साधारण 30, बजाज ऑटोचे 59. आणि बजाज होल्डिंग्जच्या तक्त्यात महाराष्ट्र स्कूटर्स प्रमोटर गटात बसते, म्हणून ते 30 शेअर प्रमोटरांच्या बेरजेत धरले जातात.

"म्हणजे बाबा प्रमोटर?"

"30 शेअरपुरते. आणि तेवढ्यावर मत नाही."

ती हसली आणि आईच्या पॅनची झेरॉक्स पाठवलीस का, असं विचारलं. झेरॉक्स अजून राहिली होती.